मोरपंखी पणती आणि दिव्याखालचा अंधार : एका छायाचित्राचा प्रकरण अभ्यास

पुण्यात सहकारनगरला राहणाऱ्या एका ताई गणपतींचे विसर्जन झाले की कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून भाजलेल्या साध्या पणत्या आणतात, त्या घरी रंगवतात आणि चार-चारच्या संचात ऑनलाइन विकतात. गेल्या वर्षी त्यांचा मोरपंखी रंगाचा, सोनेरी कडेचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा संच काही ग्राहकांनी परत केला. वस्तू फुटलेली नव्हती की रंगही उडालेला नव्हता. तक्रार एकच होती, की फोटोत पणत्या काळपट हिरव्या दिसतात आणि हातात आल्या त्या निळ्या. ताईंनी तो फोटो मला दाखवला तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, "अहो दादा, हा रंग माझा नाहीच." त्यांना यंदा असे छायाचित्र हवे होते, ज्यात पणती लावलेली असेल, तिचा मऊ उजेड आजूबाजूला सांडलेला दिसेल आणि तरीही पणतीचा रंग, ठिपके आणि कड नीट ओळखू येईल. विक्रीच्या पानावरचे पहिले छायाचित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचेच द्यावे लागत होते आणि ते प्रश्नाबाहेर होते, कारण आधीच पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कागदावर ज्योतीचा उजेड पडला तरी तो दिसायला जागा उरत नाही. आमचे काम होते ते दुसऱ्या छायाचित्राचे.

गेल्या वर्षीचा फोटो त्यांनी रात्री, घरातले सगळे दिवे घालवून, फक्त पणतीच्या उजेडात मोबाइलवर काढला होता. त्यात दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले होते आणि ते आधी सुटे करणे आवश्यक होते.

पहिला दोष रंगाचा. तेलाच्या ज्योतीचा प्रकाश रंगाच्या मापनात १९०० केल्विनच्या आसपास येतो, हॅलोजनच्या दिव्याचा ३२०० च्या जवळ आणि दुपारच्या उजेडाचा ५५०० च्या आसपास. आकडा जितका लहान, तितका प्रकाशात तांबडा-पिवळा भाग अधिक आणि निळा भाग कमी. निळा रंग निळा दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग तो परत पाठवतो म्हणून. ज्योतीच्या प्रकाशात तो भागच इतका थोडा असतो की मोरपंखी रंगाकडे परत पाठवण्यासारखे फारसे काही राहत नाही आणि तो काळपट दिसू लागतो. असा फोटो नंतर संगणकावर निळ्याकडे ओढता येत नाही का, असे ताईंनी विचारले. ओढता येतो, पण कॅमेऱ्याने निळ्याची नोंदच नाममात्र केलेली असल्यामुळे ती वाढवताना रंगाऐवजी दाणेदार कचरा वर येतो. त्यांच्या फोटोवर मी हे करून दाखवले, तेव्हा पांढरे ठिपके जांभळट झाले आणि पणती होती तशीच मळकी राहिली.

दुसरा दोष भूमितीचा आहे आणि आपल्याकडे तो म्हणीतच सांगितलेला आहे : दिव्याखाली अंधार. ताईंची पणती साडेसात सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर उंच होती. वात चोचीत असते, म्हणजे ज्योत पणतीच्या मध्यावर नसून एका कडेवर असते, आणि तिचा मध्य काठापासून जेमतेम दीड सेंटिमीटर वर असतो. पणतीची भिंत खाली आत वळलेली असते. त्यामुळे ज्योतीचा उजेड पणतीच्या आतल्या बाजूवर आणि तेलावर भरपूर पडतो, चोचीसमोरच्या जमिनीवरही पडतो, पण ज्या बाहेरच्या भिंतीवर ताईंनी तासन्‌तास बसून ठिपके काढले होते ती भिंत मात्र स्वतःच्याच काठाच्या सावलीत राहते. मागच्या बाजूला तर गोष्ट आणखी बिकट होते. ज्योत दीड सेंटिमीटर वर, मागचा काठ साडेसात सेंटिमीटर दूर आणि काठाखाली तीन सेंटिमीटर उंची, एवढ्यावरून साध्या समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर मागच्या काठापलीकडे सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत जमीन सावलीत जाते. पणती लावली की तिच्याभोवती उजेडाचे गोल रिंगण पडते असे आपण मनात धरलेले असते. प्रत्यक्षात पुढे उजेड आणि मागे पणतीच्या दुप्पट लांबीचा अंधार, असा तो पंख्यासारखा आकार असतो.

या हिशेबातून माझे मत पक्के झाले, आणि पुढचे सगळे काम त्यावरच उभे आहे. ज्योतीची आभा दाखवणारा प्रकाश आणि पणती दाखवणारा प्रकाश हे दोन वेगळे प्रकाश असले पाहिजेत. पहिल्याने पणतीला हात लावू नये आणि दुसऱ्याने जमिनीला. पहिला अर्धा भाग निसर्गाने करूनच ठेवला आहे, कारण ज्योत आपल्या पणतीला उजळत नाही. कष्ट दुसऱ्या अर्ध्याचे आहेत.

आभा पडायची कशावर, हे आधी ठरवायचे होते. ताईंच्या स्वयंपाकघरातला ओटा काळ्या ग्रॅनाइटचा होता आणि त्यावर पणती फार देखणी दिसेल अशी त्यांची खात्री होती. तिथे पणती लावून पाहिली, तर ओट्यात ज्योतीचे लख्ख प्रतिबिंब दिसत होते, पण त्याच्या आजूबाजूचा दगड काळाच्या काळा. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, म्हणून त्यात दिव्याची प्रतिमा दिसते, उजेड पसरलेला दिसत नाही. आभा दिसायला पृष्ठभाग थोडा खरखरीत आणि फिकट हवा, म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो. मग बाल्कनीतली जुनी, पॉलिश न केलेली शहाबादी फरशी पाहिली. तिच्यावर उजेड पसरत होता, पण दगडाचा करडा रंग त्यातला बराचसा गिळून टाकत होता. शेवटी देवघरातला सागवानी पाट काढला. त्यावरचे पॉलिश वर्षानुवर्षांच्या वापराने उडालेले होते, आणि लाकडाचा मूळ रंगच पिवळसर तांबूस असल्याने ज्योतीचा प्रकाश त्याने छान उचलला. चोचीसमोर पाटाच्या रेषा उजेडात उठून दिसत आणि वीतभर अंतरावर त्या हळूहळू अंधारात विरत. ताईंना पाट फार साधा वाटला. तो साधा आहे हे खरेच, पण पणतीवर आधीच इतके ठिपके असताना खाली आणखी नक्षी नको, हे त्यांनी नंतर स्वतःच मान्य केले.

पाटावरच्या उजेडाची एक अडचण मात्र राहते. ज्योत पाटापासून साडेचार सेंटिमीटर उंच असते, म्हणून तिचा प्रकाश पाटावर तिरकाच, जवळजवळ घासत येतो आणि पातळ होऊन पसरतो. त्याच अंतरावर एखादी उभी वस्तू ठेवली तर तिला तो समोरून मिळतो. दहा सेंटिमीटरवर उभ्या वस्तूला आडव्यापेक्षा दुपटीहून थोडा अधिक उजेड मिळतो आणि वीस सेंटिमीटरवर चौपटीहून अधिक. म्हणजे आभा लांबपर्यंत दाखवायची असेल तर ती जमिनीवर शोधण्यात अर्थ नाही, आजूबाजूला उभे काहीतरी हवे. आम्ही पणतीच्या मागे, मागच्या काठापासून पाच सेंटिमीटरवर, एक पितळी तांब्या ठेवला. तिथपर्यंत काठाची सावली दोन सेंटिमीटर उंचीवर उतरलेली असते, त्यामुळे तांब्याचा तळ अंधारात आणि त्यावरचे पोट उजेडात आले. पंधरा सेंटिमीटरचा जो अंधार पाटावर दिसला असता तो तांब्याच्या तळाशी लपला. तांब्या मुद्दाम न घासलेला घेतला होता, कारण चकचकीत घासलेला तांब्या ओट्यासारखाच वागला असता. पणती सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून न ठेवता तिची चोच डाव्या हाताला थोडी वळवली, म्हणजे पाटावरचा पंखा चौकटीत तिरका पडला आणि भिंतीवरच्या ठिपक्यांची सगळ्यात चांगली बाजू कॅमेऱ्यासमोर आली.

आता पणतीच्या भिंतीसाठी दुसरा प्रकाश. इथे बहुतेक जण वरून किंवा वरच्या कोपऱ्यातून दिवा लावतात, आणि त्याने पणती स्पष्ट दिसते पण आभा मरते. कारण उघड आहे. वरून येणारा प्रकाश पाटावर सगळ्यात जास्त पडतो, म्हणजे ज्या पृष्ठभागावर ज्योतीचा नाजूक उजेड दाखवायचा आहे तोच आपण आधी धुऊन टाकतो. मी माझे छोटे एलईडी पॅनेल पणतीपासून साठ सेंटिमीटरवर, उजवीकडे कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवले आणि त्याचा मध्य पाटापासून फक्त दहा सेंटिमीटर वर राहील इतके खाली आणले. प्रकाश त्यामुळे जमिनीशी सुमारे दहा अंशांचा कोन करून येतो. या कोनात पणतीच्या उभ्या भिंतीला जितका प्रकाश मिळतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढाच पाटाला मिळतो. पणतीची भिंत खाली आत वळलेली असते, हा ज्योतीच्या बाबतीतला दोष इथे उलट उपयोगी पडला, कारण खालून येणारा प्रकाश त्या वळणातही पोहोचला. पॅनेलपुढे बटर पेपरचा एक ताव ताणून लावला, म्हणजे ठिपक्यांवर टोकदार चमक येत नाही. तांब्यावर हा पांढरट प्रकाश पडला तर तो तांब्या कुठल्या तरी खोलीतल्या ट्यूबखाली ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून पॅनेल आणि तांब्या यांच्यामध्ये काळ्या जाड कागदाचा आडोसा उभा केला.

पॅनेलचा रंग कोणता ठेवायचा यावर आमचा अर्धा तास गेला. नियम सोपा आहे : कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता प्रकाश पांढरा धरायचा ते ठरवणारा आकडा, पणतीला उजळणाऱ्या प्रकाशाशी जुळवायचा, ज्योतीशी नाही. तसे केले की पणतीचा रंग खरा येतो आणि ज्योत व कॅमेरा यांच्यातला जो फरक उरतो तोच आभेची ऊब म्हणून दिसतो. प्रश्न होता तो ही ऊब किती हवी याचा. पॅनेल आणि कॅमेरा दोन्ही ५५०० वर ठेवले तेव्हा मोरपंखी उत्तम आला, पण पाटावर केशरी रंग सांडल्यासारखा दिसू लागला आणि तांब्या तांब्याचा वाटू लागला. ४००० वर ते बरेच सुधारले. ३२०० वर पाटावरचा उजेड तेलाच्या दिव्याचा वाटला, पितळ पितळ वाटले आणि मोरपंखीही टिकला, कारण ३२०० च्या प्रकाशात निळा भाग कमी असला तरी ज्योतीइतका नाहीसा झालेला नसतो. याच ठिकाणी घरातला एखादा पिवळा स्वस्त बल्ब वापरला असता तर आकडा जवळपास तोच छापलेला असूनही निळे-हिरवे रंग मळकट आले असते. अशा कामात पॅनेल चांगल्या प्रतीचे असण्याचा फरक नेमका इथे कळतो, इतर वेळी फारसा कळत नाही.

उरला उजेडाच्या प्रमाणाचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड होता. ज्योत स्वतः आणि तिने उजळलेला पाट यांच्या प्रखरतेत हजारपटीहून मोठे अंतर असते. कॅमेऱ्याच्या भाषेत एक स्टॉप म्हणजे दुप्पट, त्या हिशेबाने हे अंतर दहा-अकरा स्टॉपचे झाले. डोळा ते सांभाळून घेतो, पण एकाच छायाचित्रात दोन्ही नीट बसवणे कठीण आहे. आमच्या मांडणीत कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ ४०० आणि भिंगाचे छिद्र एफ/८ ठेवल्यावर पाटावरची आभा दिसायला अर्धा सेकंद लागत होता. त्या अर्ध्या सेकंदात ज्योत पांढरा फटफटीत गोळा होत होती, त्यातही ती जरा हलली की गोळा फुगत होता. ज्योतीचा आकार, तिचा पिवळा गाभा आणि वातीजवळचा निळसर तळ दिसायला १/५०० सेकंद पुरत होता, पण त्या चित्रात ज्योतीवाचून दुसरे काहीच नव्हते. ताईंना एकाच क्लिकमध्ये सगळे यावे असे वाटत होते. तसेही काढून दाखवले. पणती दिसत होती, आभा दिसत होती आणि ज्योतीच्या जागी चित्राला भोक पडल्यासारखे दिसत होते. तेव्हा तीन वेगळी चित्रे काढून ती जोडायची, असे ठरले.

तीन चित्रे कोणत्या क्रमाने काढायची हे सोयीचे नव्हे तर सक्तीचे आहे, आणि हे मी एकदा नुकसान सोसून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामात मी आधी पणती लावून आभेची चित्रे काढली आणि मग निवांतपणे पणतीचे चित्र घेतले. घरी येऊन पाहतो तर भाजलेल्या मातीने तेल शोषून घेतले होते आणि बाहेरच्या भिंतीवर अर्ध्या उंचीवर तेलाचा गडद पट्टा उमटला होता, शिवाय चोच काजळीने काळी झाली होती. घरी आपण नव्या पणत्या काही तास पाण्यात भिजत घालतो त्या याचसाठी, माती पाणी पिऊन तृप्त झाली की तेल कमी पिते. पण भिजलेली पणती फोटोत एक-दोन छटा गडद दिसते, ती पुरती वाळायला रात्र जाते, आणि रंगवलेली पणती तर भिजवताही येत नाही, कारण ताईंचा रंग पाण्यात कितपत टिकेल याची त्यांनाच खात्री नव्हती. त्यामुळे पणतीचे चित्र कोरड्या, न लावलेल्या अवस्थेत सर्वात आधी घ्यायचे आणि तेल त्यानंतरच ओतायचे. आभेच्या चित्रात बाहेरची भिंत काळीच असते, तिच्यावर तेलाचा पट्टा उमटला तरी तो दिसत नाही.

ऑक्टोबरची रात्र होती. पंखा बंद, खिडक्या बंद आणि समोरच्या इमारतीतल्या ट्यूबचा उजेड येऊ नये म्हणून खिडकीवर जाड चादर, त्यामुळे खोलीत सगळेच घामाघूम झाले होते. कॅमेरा ट्रायपॉडवर, पाटापेक्षा इतका वर की पणतीच्या आतला थोडा भाग दिसेल पण बाहेरची भिंत आखडणार नाही. भिंगावरचा संरक्षक फिल्टर काढून ठेवला. तो राहिला तर ज्योतीचे एक छोटे, उलटे, फिकट भूत चित्राच्या मध्याच्या विरुद्ध बाजूला उमटते आणि ते बऱ्याचदा नेमके तांब्यावर येऊन बसते. पहिले चित्र कोरड्या पणतीचे, पॅनेल सुरू, वात जागेवर पण न पेटवलेली. त्यानंतर पॅनेल बंद. पणती तसूभरही हलू न देता ड्रॉपरने तिळाचे पंधरा मिलिलिटर तेल आत सोडले, वात तेलात भिजू दिली आणि तिचे टोक चोचीबाहेर पाच मिलिमीटर राहील असे कात्रीने कापले. वात एक सेंटिमीटर ठेवली तर ज्योत उंच होते, फडफडते आणि धूर सोडते, हे ताईंना पटेना म्हणून दुसऱ्या पणतीत लावून दाखवले, तेव्हा दोन मिनिटांत चोच काळवंडली. पेटवल्यावर लगेच चित्र घेतले नाही, कारण ज्योत स्थिरावायला दोन-तीन मिनिटे लागतात. मग अर्ध्या सेकंदाची पाच-सहा चित्रे आणि १/५०० सेकंदाची वीसेक, त्यातली एक ज्योत निवडायची म्हणून. पेटवल्यापासून विझवेपर्यंत पंधरा मिनिटांच्या आत काम संपले.

जोडणी करताना तिन्ही रॉ फाइलींना एकच व्हाइट बॅलन्स दिला, म्हणजे ३२००. तळाशी कोरड्या पणतीचे चित्र, त्यावर आभेचे चित्र सॉफ्टवेअरमधल्या Screen या मिसळण्याच्या पद्धतीने ठेवले. प्रकाशावर प्रकाश पडला की तो वाढतो आणि अंधारावर अंधार पडून काही बिघडत नाही, तसेच ही पद्धत वागते, म्हणून आभेच्या चित्रातली काळी भिंत खालच्या उजळ भिंतीला झाकत नाही. पणतीचा आतला भाग मात्र पूर्णपणे आभेच्या चित्रातूनच घेतला, कारण तळाच्या चित्रात तिथे तेलच नव्हते. सर्वात वर फक्त ज्योतीपुरता, कडा मऊ केलेला १/५०० सेकंदाच्या चित्रातला तुकडा बसवला आणि त्याखालचा पांढरा गोळा झाकला. गोळ्याभोवतीचे धूसर वलय थोडे राहू दिले. ते पुरते पुसले तर ज्योत कापून चिकटवल्यासारखी दिसते.

पणतीची भिंत किती उजळ ठेवायची, हा मोह सांभाळण्याचा भाग आहे. ताई माझ्या खांद्यामागे उभ्या राहून "अजून जरा" म्हणत होत्या आणि मी पणतीचे चित्र वाढवत होतो. एका टप्प्यावर पणती स्पष्ट, सुंदर आणि खोटी दिसू लागली. कारण शोधले तेव्हा ते असे निघाले : चोचीसमोर पाटावर जिथे आभा सगळ्यात तेजस्वी होती, त्यापेक्षा पणतीची भिंत उजळ झाली होती. डोळ्याला लगेच कळते की या खोलीत आणखी एक दिवा आहे आणि ज्योत केवळ शोभेची आहे. भिंत त्या तेजस्वी जागेपेक्षा अर्धा स्टॉप खाली आणली आणि चित्र पुन्हा रात्रीचे झाले. ठिपके तरीही मोजता येत होते.

दुसरी खूण सावल्यांची. ज्योतीने पडलेली पणतीची सावली चोचीच्या उलट दिशेला, म्हणजे मागे उजवीकडे जाते. पॅनेलने पडलेली सावली डावीकडे जाते, आणि प्रकाश इतका खालून येत असल्याने ती लांबही असते. पाटाला पॅनेलचा प्रकाश फार थोडा मिळत असल्यामुळे ही सावली आभेत बुडून जाते, पण पॅनेल थोडे वर उचलले गेले की ती लगेच डोके वर काढते. ताईंच्या जागेत पॅनेलचा स्टँड एकदा घसरून उलट खालीच गेला होता, ते चालले. वर गेला असता तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. ज्यांना हे घरी तपासायचे असेल त्यांनी ज्योत विझवून फक्त दुसऱ्या दिव्याचे एक चित्र काढावे. त्यात पणती वाचता येईल एवढी दिसली पाहिजे आणि पाट जवळजवळ काळा. पाटावर ठळक सावली दिसत असेल तर दिवा उंच आहे.

मोबाइलवर हे कितपत साधते, असे ताईंनी विचारलेच. खालून येणारा मऊ दिवा आणि खरखरीत पाट या दोन्हींचा फायदा मोबाइललाही तसाच मिळतो. त्यात रात्रीचा मोड बंद ठेवावा लागतो, कारण तो अंधाराचे भाग आपणहून उजळतो आणि आभा जिथे विरायला हवी तिथे सपाट राखाडी रंग आणून ठेवतो. ज्योत मात्र पांढरीच राहील, तेवढे स्वीकारावे लागेल.

रंगाची शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ताईंनी तीच पणती खिडकीत, उन्हात नव्हे तर उजेडात धरली आणि शेजारी माझा स्क्रीन ठेवला. मोरपंखी जुळला. पांढरे ठिपके चित्रात किंचित पिवळसर होते, ते तसेच राहू दिले, कारण दिव्याच्या उजेडात ते तसे दिसणे स्वाभाविक आहे आणि त्यावरून कोणी वस्तू परत करणार नाही. जुळली नाही ती सोनेरी कड. हा रंग धातूसारखा चमकतो, म्हणजे त्याचा स्वतःचा रंग एकट्याने फारसा दिसत नाही, त्याच्यात जे प्रतिबिंबित होईल ते तो आपल्या छटेत दाखवतो. खालून येणाऱ्या पॅनेलच्या प्रकाशात कडेत खोलीचा अंधार प्रतिबिंबित होत होता आणि ती मोहरीच्या तेलासारखी मंद पिवळी दिसत होती. पणतीवर, चौकटीच्या जरा बाहेर, एक पांढरा जाड कागद आडवा धरला की कडेत तो दिसू लागतो आणि सोने जागे होते, पण तोच कागद ज्योतीचा आणि पॅनेलचा प्रकाश पाटावर परतवून आभेच्या कडेचा अंधार फिका करतो. तळहाताएवढा तुकडा धरून आम्ही मध्यम तोडगा काढला, कडेचा चोचीजवळचा भाग चमकला आणि बाकीची मंदच राहिली.

चारही पणत्यांच्या संचाचे चित्र त्यानंतर घेतले, आणि ते एका पणतीच्या चित्रापेक्षा सोपे गेले. चौघींच्या चोची वेगवेगळ्या दिशांना वळवल्या की एकीच्या मागचा पंधरा सेंटिमीटरचा अंधार दुसरीच्या पुढच्या पंख्यात येतो, शिवाय प्रत्येकीच्या भिंतीवर शेजारणीचा थोडा उजेड पडतो. तो उजेड ज्योतीचाच असल्याने त्यात निळा दिसत नाही, म्हणून पॅनेलची गरज संपली नाही, फक्त कमी झाली. आभेच्या चित्राला अर्ध्याऐवजी पाव सेकंद पुरला. सोनेरी कडेचा प्रश्नही इथे बराचसा सुटला, कारण प्रत्येक कडेत शेजारच्या ज्योतीचे एक बारीक, पिवळे, स्पष्ट प्रतिबिंब उभे राहिले होते. ताईंनी शेवटी पानावर दुसऱ्या क्रमांकाला हे संचाचे चित्र लावले आणि एकट्या पणतीचे तिसऱ्याला.